भांगातले पंधरा मिलिमीटर

केस रंगवल्याच्या दिवशी आरशात सगळं काळंभोर दिसतं. दहाव्या-बाराव्या दिवशी वेणी घालताना भांगाच्या कडेला बारीकशी चमक जाणवते, पण ती आपल्यालाच दिसते. महिना उलटला की तीच चमक पट्टी होते. लिफ्टच्या आरशात किंवा कुणी वरून काढलेल्या फोटोत ती ठळक दिसते आणि मग पार्लरला फोन जातो, "ताई, उद्या जमेल का?" बहुतेक घरांत टचअपचं वेळापत्रक असंच ठरतं. कधी पाच आठवड्यांनी, कधी नऊ आठवड्यांनी, तर कधी लग्नाला जायचं म्हणून दोनच आठवड्यांत. वर्षाअखेरीस यावर किती पैसे गेले याचा मात्र नेमका आकडा कुणाकडे नसतो.

हा आकडा आधी काढता येतो आणि तारखाही आधी ठरवता येतात. त्यासाठी दोनच गोष्टी माहीत असाव्या लागतात: आपले केस दिवसाला किती वाढतात आणि किती रुंद पट्टी आपल्याला चालते.

डोक्यावरचा केस सर्वसाधारणपणे दिवसाला ०.३ ते ०.४ मिलिमीटर वाढतो, म्हणजे महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. कुणाचे थोडे कमी वाढतात, कुणाचे थोडे जास्त. केस कापल्याने हा वेग बदलत नाही आणि डाय केल्यानेही बदलत नाही. डाय फक्त त्वचेच्या बाहेर आलेल्या केसाला लागतो. केस तयार होतो तो त्वचेच्या आत, मुळाच्या कंदात. तिथे रंगद्रव्य बनणं थांबलेलं असतं, त्यामुळे पुढचा प्रत्येक मिलिमीटर पांढराच बाहेर येतो. "डाय केल्यापासून जास्तच पांढरे झाले" असं पुष्कळ जणी म्हणतात, पण पांढऱ्या केसांची संख्या डायमुळे वाढलेली नसते. आधी काळ्यात मिसळून गेलेला पांढरा आता गडद रंगाला लागूनच उगवतो, म्हणून डोळ्यात भरतो.

सरासरीवर वेळापत्रक बसवू नये, स्वतःचे केस मोजावेत. टचअप झालं की तारीख कॅलेंडरवर लिहायची आणि बरोबर २८ दिवसांनी, खिडकीजवळ उजेडात, केस धुऊन वाळल्यावर मोजायचं. कंपासपेटीतली पट्टी इथे फसवते, कारण तिच्या टोकापासून शून्याच्या रेघेपर्यंत दोन-चार मिलिमीटर कोरी जागा असते आणि इथे तर सगळा हिशेबच दहा-बारा मिलिमीटरचा आहे. शिंप्याची टेप बरी, कारण तिचा शून्य अगदी टोकाला असतो. भांगाच्या मध्यावर चार-पाच पांढरे केस चिमटीत धरून ताठ करायचे, टेपचं टोक त्वचेला टेकवायचं आणि रंग सुरू होतो तिथला आकडा वाचायचा. मग हेच डाव्या आणि उजव्या कानशिलावर करायचं. कानशिलावरचे केस टाळूवरच्या केसांपेक्षा हळू वाढतात, तरीही तक्रार बहुधा तिथूनच सुरू होते. तिथे पांढरे दाट असतात, ते चेहऱ्यालगत असतात आणि केस मागे बांधले की तो भाग उघडा पडतो.

एक उदाहरण घेऊ. पुण्यात बँकेत काउंटरवर बसणारी एक बाई आहे. वय ४८, केस खांद्याखाली, पुढचे निम्म्याहून जास्त पांढरे आणि रंग गडद तपकिरी. २८ दिवसांनी तिच्या भांगात ११ मिलिमीटर पांढरं भरलं. अकराला अठ्ठावीसने भागलं की दिवसाला ०.३९ मिलिमीटर येतात. हा तिचा वेग झाला.

आता दुसरा आकडा, चालणाऱ्या पट्टीचा. तो कुठल्याही तक्त्यात मिळत नाही. पट्टी किती रुंद झाली की आपण आरशात थबकतो, ते ज्याचं त्यानेच पाहायचं. सेंटिमीटर झाला की कुणाला चैन पडत नाही, कुणाला दोन सेंटिमीटर सहज चालतात. या बाईने १५ मिलिमीटर ठरवले. पंधराला ०.३९ ने भागलं की ३८ दिवस येतात, म्हणजे साडेपाच आठवडे. वर्षाचे ३६५ दिवस ३८ ने भागले की साडेनऊच्या वर आकडा येतो, म्हणून दहा टचअप धरायचे. तिने दहाच मिलिमीटर ठरवले असते तर २६ दिवसांनी, म्हणजे वर्षात चौदा वेळा जावं लागलं असतं. वीस ठरवले असते तर ५१ दिवसांनी, म्हणजे सात वेळा. केसांचा वेग तोच आणि पार्लरही तेच, पण अर्ध्या सेंटिमीटरच्या फरकाने वर्षातल्या तीन-चार फेऱ्या वाढतात किंवा कमी होतात. खर्च ठरवणारा खरा निर्णय हा आहे. पार्लर कुठलं आणि कंपनी कुठली, हे त्याच्यानंतर येतं.

मात्र ही मोकळीक दोन्ही टोकांना संपते.

अलीकडचं टोक चार आठवड्यांच्या आसपास आहे. कायम टिकणाऱ्या क्रीम कलरमध्ये अमोनिया किंवा तत्सम पदार्थ केसाचं वरचं कवच उघडतो आणि डेव्हलपरमधला हायड्रोजन पेरॉक्साइड आत रंग तयार करतो. पांढरे झाकायला साधारणपणे ६ टक्क्यांचा, म्हणजे पार्लरच्या भाषेत वीस व्हॉल्यूमचा डेव्हलपर वापरतात. तीन आठवड्यांनी पट्टी जेमतेम आठ मिलिमीटर असते. एवढ्या अरुंद जागेत ब्रश अडकून राहत नाही आणि रंग आधीच्या रंगवलेल्या केसावर चढतो. असं वारंवार झालं की तो भाग मुळापेक्षा गडद आणि रखरखीत होतो. काही महिन्यांनी विंचरताना केस नेमके तिथे तुटायला लागतात.

पलीकडचं टोक उष्णतेने ठरतं. टाळूची ऊब लगतच्या साधारण सेंटिमीटरभर केसाला मिळते आणि तिथे रंग लवकर चढतो. पट्टी तेवढीच असेल तर सगळीकडे एकसारखा रंग बसतो. ती दोन-अडीच सेंटिमीटर झाली की मुळाशी एक छटा, त्याखाली दुसरी आणि त्याखाली जुना रंग असे थर दिसतात. हात बसलेली बाई यावर उपाय जाणते. ती आधी पट्टीचा बाहेरचा भाग रंगवते, थोडा वेळ थांबते आणि मग मुळाशी येते. पण यात वेळ जास्त जातो, क्रीमही जास्त लागतं. शिवाय काही पार्लरांत टचअपचा दर ठरावीक लांबीपुरताच असतो आणि त्यापुढे पूर्ण केसांचा, म्हणजे 'ग्लोबल'चा दर लागतो. त्यामुळे दोन फेऱ्या वाचवायला गेलं आणि एका ग्लोबलचे पैसे भरले, असं होऊ शकतं. टचअपचा दर किती इंचांपर्यंत लागू आहे आणि तो कर धरून आहे का, हे वर्षाच्या सुरुवातीलाच विचारून ठेवावं.

आता कॅलेंडर. नुसते ३८-३८ दिवस पुढे टाकत गेलं तर गणपतीच्या आदल्या आठवड्यात पट्टी सर्वांत रुंद असण्याची शक्यता असते. म्हणून आधी आपले नक्की दिवस लिहायचे आणि तारखा त्यांच्याभोवती बसवायच्या. मागच्या वर्षीच्या तारखा उचलून चालत नाही, कारण सण पंचांगाने सरकतात. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने ती १४ सप्टेंबरला गेली.

या बाईचं २०२६ चं वेळापत्रक तीन खुंट्यांवर टांगलं: १९ मार्चचा पाडवा, १४ सप्टेंबरची चतुर्थी आणि ८ नोव्हेंबरचं लक्ष्मीपूजन. सणाच्या आदल्या दिवशी टचअप करू नये. कपाळाच्या कडेला आणि कानामागे लागलेला डाग जायला एक-दोन दिवस लागतात आणि ताजा रंग पहिल्या धुण्यापर्यंत जरा जास्तच गडद दिसतो. तीन-चार दिवस आधी केलेलं बरं. म्हणून पाडव्यासाठी १५ मार्च धरला. तिथून मागे ३८-३८ दिवस मोजले की ५ फेब्रुवारी आणि आधीच्या वर्षाचा २९ डिसेंबर येतो. संक्रांतीला पट्टी सहा-सात मिलिमीटरची असते. रथसप्तमी २५ जानेवारीला, तेव्हा साडेदहा. हळदीकुंकवाचा सगळा काळ एका टचअपवर निभावतो.

चतुर्थीसाठी १० सप्टेंबर धरला. १५ मार्च ते १० सप्टेंबर हे १७९ दिवस आहेत. ३८ दिवसांच्या चार फेऱ्या करून उरलेले दिवस तसेच सोडले तर शेवटी पट्टी फार रुंद होते. त्यापेक्षा पाच सारखे भाग केले की प्रत्येकी जवळपास ३६ दिवस येतात: २० एप्रिल, २६ मे, १ जुलै, ६ ऑगस्ट आणि १० सप्टेंबर. त्यानंतर ३८ दिवसांनी १८ ऑक्टोबर, म्हणजे दसऱ्याच्या दोन दिवस आधी. पुढचं २५ नोव्हेंबरला.

मधे दिवाळी राहिली. १८ ऑक्टोबरनंतर लक्ष्मीपूजनापर्यंत एकवीस दिवस होतात आणि पट्टी आठ मिलिमीटरची होते. पूर्ण टचअपसाठी ती अरुंद आहे, पण भाऊबीजेच्या फोटोंत दिसण्याइतकी रुंद आहे. अशा वेळी 'फ्रंट टचअप' कामाला येतं. त्यात फक्त भांग, कपाळावरची कड आणि दोन्ही कानशिलं बारीक ब्रशने रंगवतात. क्रीम चमचा-दोन चमचे लागतं आणि दरही कमी पडतो. ते ४ नोव्हेंबरला धरलं. अशी दहा पूर्ण टचअप आणि एक फ्रंट, एवढ्यात वर्ष बसलं.

पैशांचा हिशेब आता सोपा आहे. पार्लरचे दर शहरागणिक आणि गल्लीगणिक बदलतात, म्हणून इथले आकडे नमुन्याचे आहेत, त्यांच्या जागी आपले घालावेत. एका टचअपला कर धरून १,२०० रुपये मानले तर दहाचे १२,००० होतात. फ्रंटचे ६०० धरले की १२,६००. लांबीवरचा उडालेला रंग वर्षातून एकदा उजळून घ्यायचा असेल तर त्यासाठी २,००० बाजूला ठेवायचे. प्रत्येक टचअपला रंग खालपर्यंत ओढू नये. तसा तो ओढला तर टोकं वर्षभरात दहादा रंगतात, काळी ठिक्कर आणि कोरडी पडतात. टोकांना उजळा द्यायचाच असेल तर शेवटची पाच मिनिटं तेच मिश्रण थोडं पाणी लावून खाली विंचरतात आणि तेही तीन-चार फेऱ्यांतून एकदा पुरतं. रंगवलेल्या केसांसाठीचा शाम्पू आणि कंडिशनर यांचे वर्षाचे १,८०० धरले तर एकूण १६,४०० होतात. बारा महिन्यांत वाटले की महिन्याला जवळपास १,३७० रुपये पडतात. मात्र खर्च महिन्यागणिक सारखा येत नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत तीन पूर्ण आणि एक फ्रंट असे ४,२०० रुपये लागतात आणि घरातले बाकीचे मोठे खर्चही तेव्हाच येतात. म्हणून दरमहा ठरलेली रक्कम बाजूला टाकत जाणं सोयीचं पडतं.

हा आकडा जड वाटला तर सगळ्यांत जास्त बचत घरच्या टचअपमध्ये आहे. पण दहाच्या दहा घरी करू नयेत. स्वतःच्या डोक्याची मागची बाजू आरशातही नीट दिसत नाही आणि रंग एकावर एक चढत जातो. एक पार्लरमध्ये आणि एक घरी, अशी पाळी चांगली चालते. घरी फक्त पुढचा भाग आणि भांग करायचा, मागचं पार्लरवर सोडायचं. त्यासाठी पार्लरमध्ये कुठल्या कंपनीची कुठली शेड आणि कुठला डेव्हलपर वापरतात ते विचारून लिहून ठेवावं. खोक्यावरचा फोटो पाहून घेतलेली शेड पार्लरच्या शेडशी क्वचितच जुळते. पुढच्या भागाला २० ग्रॅम क्रीम पुष्कळ होतं. म्हणजे ६० ग्रॅमची ट्यूब तीन वेळा पुरते, मात्र तिचं झाकण घट्ट लावून ठेवायचं. मिसळलेलं मिश्रण मात्र उरलं तर टाकून द्यावं. त्यातली क्रिया सुरू झालेली असते, त्यामुळे पुढच्या वेळी ते रंग धरत नाही, आणि बंद डबीत ठेवलं तर आत वायू साठून डबी फुगते. घरच्या एका टचअपला २५० रुपये धरले तर पाच पार्लरचे ६,००० आणि पाच घरचे १,२५० होतात. टचअपचा खर्च १२,००० वरून ७,२५० वर येतो.

स्वस्त म्हणून काळ्या मेहंदीकडे वळणाऱ्यांनी पाकीट वाचून घ्यावं. शुद्ध मेहंदीचा पांढऱ्या केसावर केशरी-तांबडा रंग येतो, काळा येत नाही. काळा येत असेल तर त्यात नीळ असते किंवा पुष्कळदा पीपीडी म्हणजे पॅरा-फिनिलिनडायअमिन असतं. क्रीम डायमध्येही बहुधा हेच रसायन असतं आणि डायची अॅलर्जी येते ती मुख्यतः त्याचीच. वर्षानुवर्षं काही न होता ती एखाद्या दिवशी सुरू होऊ शकते. कानामागे आणि केसांच्या कडेला खाज सुटते, दुसऱ्या दिवशी पापण्या सुजतात. एकदा असं झालं की तो पदार्थ पुन्हा लावायचा नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. म्हणून कंपनी किंवा शेड बदलताना ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून पाहावं. वेळापत्रक तयार असलं की हे दोन दिवस आपोआप मिळतात, घाईत ठरवलेल्या टचअपला ते कधीच मिळत नाहीत.

वेळापत्रक चुकलंय असं वाटलं की आधी खरा दोष कुठे आहे ते पाहावं. टचअपनंतर आठवड्यातच कानशिलं पांढरी दिसली तर "माझे केस फार भराभर वाढतात" असं वाटतं. पण सात दिवसांत केस तीन मिलिमीटरच्या आसपासच वाढतो. टेपने मोजलं आणि पांढरा भाग आठ-दहा मिलिमीटर भरला, तर ती वाढ नव्हे, तिथे रंग धरलाच नाही. कानशिलाचे पांढरे केस पुष्कळदा जाड आणि गुळगुळीत असतात आणि त्यांना रंग सावकाश लागतो. त्यांना आधी रंग लावायला सांगायचं, थर जाड द्यायला सांगायचं आणि पाकिटावर दिलेला पूर्ण वेळ, साधारण ३५ ते ४५ मिनिटं, बसायचं. गर्दीच्या शनिवारी पंचवीस मिनिटांत धुवायला उठवलं तर हेच होतं. भरपूर तेल चोपडलेल्या केसांवरही रंग नीट बसत नाही. अशा वेळी अंतर कमी करायचं नसतं, त्याच पार्लरमध्ये तेवढा भाग पुन्हा करून घ्यायचा असतो.

खरा बदल होतो तो आजारपणानंतर. डेंग्यू किंवा जोराचा ताप, बाळंतपण, मोठं ऑपरेशन यांनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठ-मूठ केस गळतात आणि मग एकदम पुष्कळ नवे केस उगवतात. हे आखूड केस भांगात उभे राहतात आणि त्यांतले पांढरे लगेच दिसतात. थायरॉइड बिघडला की वाढीचा वेगही बदलू शकतो. अशा वर्षी जुना ०.३९ सोडून द्यायचा आणि पुन्हा २८ दिवसांचं माप घ्यायचं.

पांढऱ्यांचं प्रमाण वाढलं की १५ मिलिमीटरही खटकू लागतात. तेव्हा अंतर कमी करण्यापेक्षा शेड हलकी करणं परवडतं. काळ्याशेजारचं पांढरं आठ मिलिमीटरवर दिसतं, मध्यम तपकिरीशेजारचं जवळपास दुप्पट होईपर्यंत खपून जातं. पण हा बदल सावकाश होतो, कारण डायवर डाय लावून केस हलका होत नाही. काळ्या रंगवलेल्या केसावर तपकिरी लावला तर तो काळाच राहतो. नवी शेड फक्त मुळांना लागते आणि दर महिन्याला सेंटिमीटरभर खाली सरकते. खालचा काळा केस कापत-कापत काढावा लागतो किंवा ब्लीच करून हलका करावा लागतो. ब्लीचचा खर्च मोठा आणि केसांची झीजही मोठी, म्हणून पन्नाशीच्या आसपास काळ्यावरून तपकिरीवर यायचं असेल तर कापण्याचा रस्ता बरा.

रंगवणं थांबवायचं ठरलं तरी हेच गणित लागतं. दिवसाला ०.३९ म्हणजे वर्षाला सव्वाचौदा सेंटिमीटर. आपल्या उदाहरणातल्या बाईचे केस ४० सेंटिमीटर आहेत. तसेच ठेवले तर शेवटचा रंगवलेला केस जायला पावणेतीन वर्षं लागतात. मानेपर्यंत, म्हणजे २० सेंटिमीटरवर कापले तर सतरा महिने पुरतात. १ जुलैला शेवटचं टचअप केलं तर पुढच्या पाडव्याच्या सुमारास भांगापासून दहा सेंटिमीटर पांढरं आलेलं असतं. त्या मधल्या महिन्यांत भांगावर लावायची पावडर किंवा काही धुण्यांत निघून जाणारा तात्पुरता रंग लागतो. त्यासाठी महिन्याला दोनशे-अडीचशे रुपये धरून ठेवावेत.